पोटातल्या पाण्याचा रिपोर्ट: आधी न्यूट्रोफिल मोजा, मग अल्ब्युमिनची वजाबाकी करा

प्रश्न: वडील ५९ वर्षांचे, आम्ही ऐरोलीला राहतो. दोन महिने पोट फुगत होतं. २४ तारखेला चार लिटर पाणी काढलं. रिपोर्ट असा: पेशी ५२०, लिम्फोसाइट ७५ टक्के, पॉलीमॉर्फ २५ टक्के, तांबड्या पेशी ६०००, प्रोटीन ३.६, अल्ब्युमिन १.७, एडीए २४. रक्तातलं अल्ब्युमिन ३.१ (हा रिपोर्ट ३ तारखेचा). एक डॉक्टर म्हणतात टीबी आहे, उद्यापासून औषधं सुरू करा. दुसरे म्हणतात लिव्हर खराब झालंय. वडील दारूला कधी शिवलेले नाहीत. कुणाचं ऐकायचं?

उत्तर:

उद्या गोळ्या सुरू करण्याआधी एक काम करून घ्या, मग पुढचं ठरवता येईल. ते काम कोणतं ते खाली येईलच, पण त्यामागचं कारण तुम्हाला कळावं म्हणून जरा सविस्तर लिहिते. ठाण्यात चोवीस वर्षं मी पोटाचे आणि लिव्हरचे पेशंट बघते आहे. तुमच्या वडिलांसारखा कागद महिन्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतो. वडिलांना न तपासता निदान सांगणं मला शक्य नाही आणि तसं मी करणारही नाही. रिपोर्टमधले आकडे काय बोलतात आणि कुठे गप्प बसतात, एवढं मात्र नक्की सांगता येईल.

दोन्ही डॉक्टर एकाच कागदातल्या दोन वेगळ्या ओळी वाचत आहेत असं मला दिसतं. पहिल्यांनी लिम्फोसाइट आणि प्रोटीन बघितलं. दुसऱ्यांनी बहुधा अल्ब्युमिनचा फरक बघितला. पण असा रिपोर्ट वाचण्याचा एक क्रम असतो. आधी आज जिवाला धोका आहे का ते बघायचं, आणि पाणी कुठून आलं हा प्रश्न त्यानंतर घ्यायचा.

धोका आहे की नाही ते न्यूट्रोफिल सांगतात. रिपोर्टवर त्यांनाच पॉलीमॉर्फ म्हटलं आहे. ५२० हा आकडा बघून घाबरायला होतं, पण तो सगळ्या पांढऱ्या पेशींचा आहे. त्यातले २५ टक्के म्हणजे १३० न्यूट्रोफिल. आता तांबड्या पेशी ६००० आहेत, म्हणजे सुई जाताना थोडं रक्त त्यात मिसळलं असणार, आणि त्या रक्ताबरोबर काही न्यूट्रोफिलही आलेच. म्हणून दर २५० तांबड्या पेशींमागे एक न्यूट्रोफिल वजा करायचा. ६००० भागिले २५० म्हणजे २४. १३० मधून २४ गेले, राहिले १०६. हा आकडा २५० किंवा त्याहून जास्त असता तर पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला आहे असं धरून मी त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू केलं असतं. कल्चरची वाट बघितली नसती, कारण अशा संसर्गात जंतू बऱ्याचदा कल्चरमध्ये उगवतच नाहीत. ताप नाही, पोट दुखत नाही म्हणूनही थांबले नसते. लिव्हरच्या पेशंटमध्ये हा संसर्ग कित्येकदा गुपचूप येतो आणि एकदम किडनीवर जातो. तुमच्या वडिलांचा आकडा १०६ आहे, त्यामुळे ही घाई त्या दिवशी तरी नव्हती.

एक गोष्ट मात्र विचारून घ्या. पेशी मोजायचं पाणी जांभळ्या झाकणाच्या नळीत गेलं होतं का, आणि लॅबमध्ये किती वेळात पोचलं? साध्या नळीत पाण्याची गुठळी होते, पेशी त्यात अडकतात आणि आकडा खोटा कमी येतो. आपल्याकडे कलेक्शन सेंटरवर दुपारी दिलेलं सँपल रात्री मोठ्या लॅबमध्ये पोचतं, तेवढ्या वेळात न्यूट्रोफिल फुटायला लागतात. म्हणून पोटातल्या पाण्याच्या पेशी शक्यतो त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मोजून घ्याव्यात, असा माझा आग्रह असतो. बाकीच्या तपासण्या बाहेर गेल्या तरी चालतात.

आता पाणी कुठून आलं ते बघू.

लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्यांत दाब वाढला की पाणी पोटात ढकललं जातं. त्या दाबाला विरोध करतं रक्तातलं अल्ब्युमिन, कारण ते पाण्याला रक्तवाहिनीत धरून ठेवतं. आत ढकलणारा दाब जितका जास्त, तितका रक्तातल्या आणि पोटातल्या अल्ब्युमिनमधला फरकही जास्त असावा लागतो, नाहीतर तोल राहत नाही. म्हणून रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातलं अल्ब्युमिन वजा केलं की लिव्हरच्या शिरांमधल्या दाबाचा अंदाज येतो. रिपोर्टवर याला SAAG लिहितात, बोलताना आम्ही सॅग म्हणतो. फरक १.१ ग्रॅम किंवा जास्त असेल तर पाणी दाबामुळे आलं आहे. १.१ च्या खाली असेल तर पोटाच्या आतलं अस्तरच आजारी असून पाझरतं आहे असं बहुधा समजायचं. टीबी आणि अस्तरावर पसरलेला कॅन्सर त्यात येतात. लघवीतून प्रोटीन जाणाऱ्या किडनीच्या आजारातही फरक कमी येतो, पण ते लघवीच्या साध्या तपासणीत कळतं.

पूर्वी, आणि पुष्कळ लॅबमध्ये अजूनही, नुसतं पाण्यातलं प्रोटीन बघून 'एक्झुडेट' किंवा 'ट्रान्झुडेट' असा शिक्का मारला जातो. तुमच्या रिपोर्टवर ३.६ प्रोटीनपुढे 'एक्झुडेट' छापलं असेल तर मला नवल वाटणार नाही. अमेरिकेत ब्रूस रनयन आणि सहकाऱ्यांनी ९०१ नमुने तपासून १९९२ साली दाखवलं की अल्ब्युमिनच्या फरकावरून सुमारे ९७ टक्के वेळा बरोबर वर्गवारी होते, तर प्रोटीनच्या जुन्या शिक्क्यावरून जेमतेम ५६ टक्के वेळा. शिवाय लघवीच्या गोळ्या चालू असल्या की पोटातलं पाणी आटतं आणि प्रोटीन आपोआप घट्ट होतं, लिम्फोसाइटचा आकडाही वाढतो. अल्ब्युमिनचा फरक मात्र फारसा हलत नाही. 'एक्झुडेट अधिक लिम्फोसाइट म्हणजे टीबी' हे गणित आपल्याकडे इतकं रुळलंय की त्यावर पुन्हा कुणी विचारच करत नाही. टीबी आपल्याकडे खूप आहे, त्यामुळे ते गणित कधी कधी बरोबरही निघतं, आणि म्हणूनच ते मोडायला जड जातं.

तुमच्या आकड्यांनी ३.१ वजा १.७ म्हणजे १.४ येतात. दुसऱ्या डॉक्टरांनी बहुधा हेच केलं असावं. पण रक्त ३ तारखेचं आणि पाणी २४ तारखेचं! ही वजाबाकी करायची तर दोन्ही नमुने एकाच दिवसाचे, शक्यतो एकाच तासातले लागतात. तीन आठवड्यांत आजारी माणसाचं अल्ब्युमिन सहज खाली येतं. समजा २४ तारखेला ते २.७ होतं, तर फरक १.० होतो आणि निदानाची दिशाच उलटते. उलट बाजूही आहे. पाणी काढताना अल्ब्युमिनची बाटली लावली असेल आणि रक्त त्यानंतर घेतलं असेल, तर रक्तातला आकडा फुगतो आणि फरक खोटा मोठा दिसतो. तेव्हा रक्त बाटली लावण्याआधी घ्यायला हवं.

सुरुवातीला म्हटलं ते काम हेच. चार लिटर काढल्यावर पोट पुन्हा भरतंच, बहुधा आतापर्यंत थोडं भरलंही असेल. पुन्हा तपासणीपुरतं पन्नास-साठ मिलिलिटर पाणी काढायचं आणि त्याच वेळी हाताच्या शिरेतून रक्त घ्यायचं. दोन्हींचं अल्ब्युमिन एकाच लॅबमध्ये, एकाच मशीनवर. फरक १.० किंवा १.१ असा काठावर आला तर मी पुन्हा करून बघते, एका दशांशावर कुणाचं आयुष्य टांगत नाही. आणि लॅबचं एकक बघा. काही ठिकाणी लिटरमागे ग्रॅम लिहितात, तिथे १.१ ऐवजी ११ हा आकडा धरायचा.

समजा पुन्हा केल्यावरही फरक १.४ च्या आसपास आला. तरी लगेच लिव्हरला दोष देऊ नका. आता प्रोटीनचा आकडा पुन्हा हातात घ्यायचा. प्रोटीन टाकाऊ नाही, त्याचा नंबर फक्त दुसरा लागतो. लिव्हर सिरोसिसने आक्रसलेलं असतं तेव्हा त्यातल्या बारीक वाहिन्यांची छिद्रं बुजलेली असतात. दाबाने पाणी बाहेर येतं, प्रोटीन मागे राहतं. अशा पाण्यात प्रोटीन साधारण २.५ च्या खाली असतं. पण लिव्हर मुळात चांगलं असून दाब त्याच्या पुढे, म्हणजे हृदयात किंवा लिव्हरमधून हृदयाकडे जाणाऱ्या शिरांत असेल, तर ती छिद्रं उघडीच असतात आणि पाण्याबरोबर प्रोटीनही पोटात उतरतं. फरक मोठा आणि प्रोटीनही २.५ च्या वर, अशी जोडी दिसली की मी पोट सोडून मानेकडे बघते, कारण हृदयाकडचा दाब मानेच्या शिरेत दिसतो.

हे मी एका पेशंटकडून शिकले. कोपरखैरण्याला राहणारे, वाशीच्या एपीएमसी मार्केटमधले माथाडी, मूळ गाव पाटण तालुक्यात. वय ४७. पाच महिने पोट वाढत होतं, पायांपेक्षा पोट जास्त. दुसऱ्या एका हॉस्पिटलात पाण्यात ४८० पेशी, ८६ टक्के लिम्फोसाइट, प्रोटीन ४.१ बघून टीबीची औषधं सुरू केली होती. दोन महिने ती नेमाने घेतली, पण पोट वाढतच गेलं. माझ्याकडे आले तेव्हा ते गोणी उचलणं सोडाच, जिना चढतानाही थांबत होते. त्यांची बायको कागदांची पिशवी घेऊन आली होती. तिने विचारलं, "मॅडम, टीबी असती तर आतापर्यंत फरक नको का पडायला?" तिचा प्रश्न रास्त होता.

पाणी आणि रक्त एकाच वेळी घेतलं. रक्तात अल्ब्युमिन ३.६, पाण्यात २.२. फरक १.४. एडीए, म्हणजे टीबीत वाढणारं एन्झाइम, १९. म्हणजे दाबाचं पाणी, आणि प्रोटीन भरपूर. मी त्यांना नेहमीप्रमाणे पाठीला टेका देऊन अर्धवट झोपवलं आणि मानेची शीर बघितली. काहीच धडधडताना दिसलं नाही, आणि मान ठीक आहे असं मी लिहून टाकलं. ती माझी चूक होती. संध्याकाळी राउंडला ते पलंगाच्या कडेला ताठ बसलेले होते, आणि तेव्हा मला दिसलं की शीर अगदी कानाच्या पाळीखालपर्यंत भरलेली आहे. दाब इतका जास्त होता की झोपवल्यावर शिरेचा वरचा काठ जबड्याच्या मागे, डोक्यात गेला होता, म्हणून दिसत नव्हता. खोल श्वास घ्यायला सांगितलं तर शीर उतरण्याऐवजी आणखी वर चढली.

मग जुने कागद पुन्हा वाचले. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'लिव्हरच्या शिरा आणि खालची महाशीर फुगलेली' ही ओळ पहिल्या दिवसापासून होती, आणि ती कुणीच वाचली नव्हती. टूडी इकोचा रिपोर्टही होता, 'पंपिंग ६० टक्के, नॉर्मल'. तो बघून सगळ्यांनी हृदय बाजूला ठेवलं होतं. पण या आजारात पंपिंग नॉर्मलच असतं. हृदयाभोवतीचं आवरण जाड आणि कडक होतं, त्यामुळे हृदय आकुंचन नीट पावतं, पण भरताना पसरू शकत नाही. मागचं रक्त तुंबतं आणि आधी लिव्हर, मग पोट भरतं. हृदयाच्या डॉक्टरांना मी फोन करून नेमकं सांगितलं, पंपिंग बघू नका, आवरण बघा, श्वासाबरोबर झडपांमधून जाणारं रक्त कसं बदलतं ते बघा. दुसऱ्या इकोत ते स्पष्ट दिसलं. सीटी स्कॅनमध्ये हृदयाभोवती चुन्याचं कवचच होतं. ऑपरेशन करून ते आवरण काढलं. पोटातलं पाणी पुढच्या काही महिन्यांत ओसरलं, पुन्हा काढावं लागलं नाही.

यातली एक गोष्ट मला अजून विचार करायला लावते. हृदयाचं आवरण असं कडक होण्याचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं कारण टीबीच आहे, त्यांचंही बहुधा तेच असावं. म्हणजे टीबी म्हणणारे डॉक्टर एका अर्थी बरोबर होते. पण टीबी पोटात नव्हती, आणि चुना साचलेलं कवच गोळ्यांनी विरघळत नाही.

तुमच्या वडिलांना हेच आहे असं मी म्हणत नाही. फरक मोठा ठरला तर शक्यता तीन. लिव्हरच्या शिरेत गुठळी असू शकते, ती डॉप्लर सोनोग्राफीत दिसते. हृदय किंवा त्याचं आवरण असू शकतं. किंवा सिरोसिसच असून लघवीच्या गोळ्यांनी प्रोटीन घट्ट झालं असेल. सिरोसिसला दारूच लागते असं नाही, मधुमेह आणि चरबीने किंवा हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंनीही तो होतो, तेव्हा 'दारूला शिवले नाहीत' एवढ्यावर लिव्हर सुटत नाही. वडिलांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये लिव्हरच्या शिरांबद्दल काय लिहिलं आहे ते आज रात्रीच वाचा.

फरक १.१ च्या खाली आला तर टीबीचं पारडं जड होतं, पण तिथेही एडीए २४ हा आकडा मला अडवतो. पोटाच्या टीबीत तो साधारण ३९ च्या वर जातो, लॅबगणिक ही मर्यादा थोडी मागेपुढे होते. २४ म्हणजे टीबीच्या बाजूने पुरावा नाही. अशा वेळी मी पाण्यातल्या कॅन्सरच्या पेशी तपासायला देते, सीटी करते, आणि तरीही उलगडलं नाही तर दुर्बिणीने पोटात बघून अस्तराचा तुकडा काढायला सांगते. पोटाच्या पाण्यात टीबीचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली क्वचितच सापडतात, त्यामुळे 'जंतू नाहीत' या ओळीला फार अर्थ नसतो. तुकड्यातून मात्र खात्री होते.

एक अवघड जागाही सांगून ठेवते. सिरोसिस आणि टीबी एकाच माणसात असू शकतात. तेव्हा दाब असल्यामुळे फरक मोठाच राहतो, आणि एडीएही पुरेसा चढत नाही. म्हणजे १.४ आल्याने टीबी पूर्ण नाकारली जात नाही. लिव्हरचा पेशंट असून लिम्फोसाइट सारखे वाढलेले, बारीक ताप आणि वजन घटतंय, असं असेल तर मी मोठ्या फरकावर विसंबून टीबीचा विचार सोडत नाही. पाणी दुधासारखं दिसत असेल तर त्यातली चरबी अल्ब्युमिनच्या मोजणीत घोळ घालते, तिथेही फरकावर भरवसा नको.

या सगळ्यासाठी चार-पाच दिवस थांबणं मला का योग्य वाटतं तेही सांगते. टीबीच्या सुरुवातीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात. लिव्हर आधीच आजारी असेल तर तोच त्रास जिवावर बेततो. पुरावा असेल तर ही औषधं द्यावीच लागतात, पद्धत बदलून, रक्त वारंवार तपासून आम्ही देतोही. पण 'देऊन बघू' म्हणून सुरू केली आणि महिन्याने कावीळ झाली, तर ती औषधाची की मूळ आजाराची हे ओळखणं कठीण होऊन बसतं. पोटाची टीबी असलीच तरी ती चार दिवसांत हाताबाहेर जात नाही.

तेव्हा पहिल्या डॉक्टरांकडे जा आणि भांडण न करता एवढंच म्हणा, "डॉक्टर, रक्त आणि पाणी एकाच दिवशी घेऊन सॅग काढता येईल का?" चांगला डॉक्टर याला नाही म्हणणार नाही. जाताना ३ तारखेचा आणि २४ तारखेचा दोन्ही कागद न्या, लघवीच्या कोणत्या गोळ्या किती दिवस चालू आहेत ते लिहून न्या, आणि अल्ब्युमिनची बाटली लावली होती का, कोणत्या तारखेला, तेही. वडिलांना ताठ बसवून मान बघायला सांगा.

एका बाबतीत मात्र थांबू नका. ताप आला, पोट दुखायला लागलं, लघवी कमी झाली, किंवा वडील दिवसा झोपेत आणि रात्री जागे, बोलण्यात गोंधळ, असं काही दिसलं तर १०६ हा २४ तारखेचा आकडा विसरा. त्याच दिवशी कॅज्युअल्टीत न्या आणि पाणी काढून न्यूट्रोफिल पुन्हा मोजायला सांगा.